गर्डरला भोक कुठे पाडायचं? आय-बीमच्या वेब आणि फ्लँजमधला शिअर, आकडे मांडून

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात पाण्याची लोखंडी टाकी उभी आहे. भरल्यावर साधारण ४० टन. तिचे चार पाय दोन गर्डरवर, म्हणजे एकेका पायाखाली १० टन. मी गेलो होतो दुसऱ्याच कामाला, पण वर बघितलं आणि पाय तिथेच थांबले. गर्डरच्या टोकापासून हातभर अंतरावर, उभ्या पट्टीच्या बरोबर मध्यावर, गॅस कटरने १५० मिमीचं गोल भोक पाडलेलं होतं आणि त्यातून पाइप गेलेला. भोकाच्या कडेला रंगाला तिरक्या भेगा होत्या. रंगाखालची काळी खपली निघून आलेली.

पाइपवाले मामा तिथेच होते. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "साहेब, फ्लँजला हातसुद्धा लावलेला नाही मी. मधल्या पत्र्यातनंच पाडलंय की."

मामांचा समज चुकीचा असला तरी आधाराशिवायचा नव्हता. गर्डरची ताकद फ्लँजमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांत असते, असं बेळगाव-खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या प्रत्येक फॅब्रिकेशन शेडमध्ये ऐकायला मिळतं. वाकण्यापुरतं ते खरंही आहे. पण टेकूजवळ गर्डरला वाकण्याची भीती फारशी नसते, तिथे भीती असते शिअरची, म्हणजे कातरलं जाण्याची. आणि शिअर जवळजवळ सगळा त्या "मधल्या पत्र्यातून"च जातो. का जातो, किती जातो आणि ते आपलं आपण कसं मोजायचं, हे त्याच गर्डरवर मांडून दाखवतो. डिप्लोमाच्या मुलांना सूत्र पाठ असतं, फॅब्रिकेटरला लोखंड माहीत असतं. हा लेख दोघांसाठी आहे.

गर्डरची मापं

हा गर्डर गिरणीतून लाटून आलेला नव्हता, तीन पट्ट्या वेल्ड करून शेडमध्येच बनवलेला होता. हिशेबाला ते सोयीचंच, कारण कोपऱ्यातल्या गोलाईची भानगड राहत नाही. वरची आणि खालची फ्लँज १५० मिमी रुंद, १२ मिमी जाड. मधली वेब २७६ मिमी उंच, ८ मिमी जाड. एकूण उंची ३०० मिमी. दोन टेकूंमधलं अंतर ४ मीटर, आणि टाकीचे पाय दोन्ही टोकांपासून ०.६ मीटर आत.

दोन्ही पायांवर सारखं वजन, म्हणून प्रत्येक टेकूवर १० टन, म्हणजे धरून चाला १०० किलोन्यूटन. गर्डरचं स्वतःचं वजन मीटरला ४५ किलोच्या आसपास, ते इथे सोडून देऊ. टेकूपासून पायापर्यंतच्या ०.६ मीटरमध्ये शिअर १०० किलोन्यूटन. दोन पायांच्या मधल्या २.८ मीटरमध्ये शिअर जवळजवळ शून्य. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी सगळं याच्यावरच येऊन ठरतं.

शिअर येतो कुठून

एक जाड वही घ्या आणि दोन्ही हातांत धरून वाकवा. कडेची पानं एकमेकांवरून सरकतात आणि कडा तिरकी होते. आता पानांना चारही बाजूंनी घट्ट चिमटे लावून पुन्हा वाकवून बघा, वही वाकायला तयार होत नाही. पानं सरकू नयेत म्हणून जो जोर लागतो, तोच बीममधला आडवा शिअर. उभा शिअर आणि हा आडवा शिअर एकाच जागी नेहमी सारखेच असतात. लोखंडाच्या एखाद्या चिमुकल्या चौकोनावर फक्त उभी जोडी लावली तर तो गरगर फिरेल, त्याला थांबवायला तितकीच आडवी जोडी लागते. म्हणून आडवा शिअर सापडला की उभा आपोआप सापडतो. पुढची सगळी युक्ती एवढीच.

आता टेकूजवळ गर्डरचा फक्त १० मिमी लांबीचा तुकडा मनाने कापून बाहेर काढा. टेकूकडून पायाकडे जाताना बेंडिंग मोमेंट, म्हणजे गर्डरला वाकवण्याचा जोर, वाढत जातो, म्हणून तुकड्याच्या डाव्या तोंडावर वरच्या फ्लँजमध्ये जो दाब आहे त्यापेक्षा उजव्या तोंडावर थोडा जास्त आहे. हा फरक आपल्या गर्डरला येतो २९२२ न्यूटन, म्हणजे जवळपास ३०० किलो. फ्लँजच्या या १० मिमीच्या तुकड्याला कुणीतरी ३०० किलोने एका बाजूला ढकलतंय, असं समजा. तो सरकत का नाही? वर हवा, दोन्ही बाजूंना हवा. त्याला धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे, खालची वेब. आणि वेब त्याला किती जागेत धरते? ८ मिमी जाडी गुणिले १० मिमी लांबी, म्हणजे ८० चौरस मिमी.

२९२२ भागिले ८०, म्हणजे ३६.५ न्यूटन प्रति चौरस मिमी. यालाच एमपीए म्हणतात. वेबच्या अगदी वरच्या टोकाला, फ्लँजला चिकटते तिथेच, एवढा शिअर स्ट्रेस आहे. सूत्र अजून वापरलेलंसुद्धा नाही.

माझ्या मते विषयाचा गाभा इथेच आहे. फ्लँज रुंद आहे आणि न्यूट्रल ॲक्सिसपासून, म्हणजे वाकताना जिथे ना दाब ना ताण त्या मधल्या रेषेपासून, लांब आहे, म्हणून वाकण्याचा बहुतेक दाब-ताण तिच्यात गोळा होतो. पण गोळा झालेला तो फरक पलीकडच्या फ्लँजपर्यंत पोचवायला वाट एकच, आणि ती अरुंद. आठ मिमीची.

सूत्र, आणि त्यातली प्रत्येक राशी

```
τ = V × Q / (I × b)
```

V म्हणजे त्या जागचा शिअर. I म्हणजे अख्ख्या छेदाचा मोमेंट ऑफ इनर्शिया, छेद वाकण्याला किती विरोध करतो त्याचं माप. b म्हणजे ज्या पातळीवर स्ट्रेस काढायचा तिथली छेदाची रुंदी. Q म्हणजे त्या पातळीच्या पलीकडे, बाहेरच्या कडेपर्यंत जेवढं लोखंड आहे त्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या मध्यबिंदूचं न्यूट्रल ॲक्सिसपासूनचं अंतर. गोंधळ Q मध्येच होतो. पातळीच्या *आतलं* लोखंड धरायचं नाही, *बाहेरचं* धरायचं.

आधी I काढू. १५० × ३०० चा भरीव चौकोन घ्यायचा आणि त्यातून दोन बाजूंच्या रिकाम्या जागा वजा करायच्या:

```
I = 150×300³/12 − 142×276³/12
  = 33,75,00,000 − 24,87,90,816
  = 8,87,09,184 mm⁴
```

यातला वेबचा वाटा १,४०,१६,३८४ आहे, म्हणजे सोळा टक्क्यांच्या आत. उरलेला चौऱ्याऐंशी टक्के फ्लँजचा. "ताकद फ्लँजमध्ये" हा समज जन्मतो तो या आकड्यातून, आणि वाकण्यासाठी हा आकडा बरोबरच आहे.

V/I आपल्या गर्डरला ०.००११२७३ येतो. हा एकदाच काढून ठेवला की पुढे फक्त Q आणि b बदलत जायचे. आता वरून खाली उतरू.

फ्लँजच्या वरच्या कडेला बाहेर लोखंडच नाही, Q शून्य, स्ट्रेस शून्य.

फ्लँजच्या तळाशी, पण अजून फ्लँजमध्येच असताना, Q म्हणजे १८०० चौरस मिमी गुणिले १४४, म्हणजे २,५९,२००. b आहे १५०. स्ट्रेस येतो १.९ एमपीए.

त्याच पातळीवर, पण वेबमध्ये पाऊल टाकलं की Q तोच राहतो आणि b एकदम १५० वरून ८ होतो. स्ट्रेस ३६.५ एमपीए. तुकडा कापून जो आकडा आला होता तोच. आलेखात इथे जी उभी उडी दिसते ती मुलं परीक्षेत काढतात, पण ती का आली ते विचारलं की गप्प होतात. रुंदी एकोणीस पटींनी घटली, बाकी काही नाही.

न्यूट्रल ॲक्सिसवर फ्लँजच्या Q मध्ये वरच्या अर्ध्या वेबची भर पडते: ८ × १३८ × ६९ = ७६,१७६. एकूण Q ३,३५,३७६. स्ट्रेस ४७.३ एमपीए. हा सगळ्यात मोठा.

वेबमध्ये वरून मध्यापर्यंत स्ट्रेस ३६.५ वरून ४७.३ वर जातो, एवढाच फरक. वक्र पॅराबोलाचा असला तरी चपटा. कारण Q चा सत्याहत्तर टक्के भाग फ्लँजने आधीच आणून दिलेला आहे, वेबला स्वतःची भर फारशी घालायची नसते. साध्या आयताकृती लाकडी तुळईत असं होत नाही. तिथे कडेला शून्य आणि मध्यावर सरासरीच्या दीडपट.

वेब नेमका किती शिअर घेते

पॅराबोलाची सरासरी काढायला खालच्या आकड्यात फरकाचा दोन तृतीयांश मिळवायचा. ३६.५ अधिक १०.७ चे दोन तृतीयांश, म्हणजे ४३.७ एमपीए. याला वेबच्या २२०८ चौरस मिमीने गुणलं की ९६.४ किलोन्यूटन.

शंभरापैकी ९६.४ वेबमध्ये, आणि दोन्ही फ्लँज मिळून ३.६. क्षेत्रफळ बघितलं तर उलटं चित्र आहे: लोखंडाचा बासष्ट टक्के भाग फ्लँजमध्ये आणि अडतीस टक्के वेबमध्ये.

त्यामुळे एक चूक फार महागात पडते. काही जण शिअरला अख्ख्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागतात. १,००,००० भागिले ५८०८, उत्तर १७ एमपीए. खरा कमाल स्ट्रेस त्याच्या पावणेतीन पट आहे. कागदावर गर्डर सुरक्षित दिसतो आणि वेब मात्र तिप्पटीच्या जवळ भार ओढत असते. फक्त वेबच्या क्षेत्रफळाने भागलं तर ४५.३ येतो, कमाल आकड्याच्या चार टक्के खाली. घाईत असाल तर हाच भागाकार करा. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकातही वेल्ड केलेल्या गर्डरला शिअरसाठी वेबची उंची गुणिले जाडी एवढंच क्षेत्रफळ धरतात. लाटून आलेल्या गर्डरला पूर्ण उंची गुणिले वेबची जाडी.

फ्लँजमधला शिअर: आडवा चालणारा

फ्लँजमध्ये सूत्राने उभा शिअर १.९ एमपीए दिला. पण नीट विचार केला तर हा आकडा फसवा आहे. वेबच्या बाहेर जो फ्लँजचा पंख आहे, त्याच्या खाली हवा आहे. मोकळ्या पृष्ठभागावर शिअर असूच शकत नाही, म्हणजे पंखाच्या तळाशी तो शून्यच हवा. सूत्र मात्र पूर्ण १५० मिमी रुंदीत सारखा स्ट्रेस धरून चालतं. अरुंद वेबमध्ये ते धरणं चालतं, रुंद फ्लँजमध्ये चालत नाही.

मग फ्लँजमध्ये शिअर नाहीच का? आहे, आणि १.९ पेक्षा बराच मोठा आहे, पण तो उभा नाही. तो पंखाच्या टोकाकडून वेबकडे, आडवा चालतो. पंखाच्या टोकाजवळचा लोखंडाचा भागही दाबातल्या फरकामुळे सरकू बघतो, आणि त्याला त्याच्या आतल्या बाजूचं लोखंड धरून ठेवतं. टोकाला शून्य, आत येता येता सरळ रेषेत वाढत जातो. वेबच्या तोंडाशी बाहेरचं लोखंड ७१ × १२, अंतर १४४, म्हणून Q १,२२,६८८. इथे b म्हणजे फ्लँजची जाडी, १२. स्ट्रेस ११.५ एमपीए.

डावीकडच्या पंखातला शिअर उजवीकडे जातो आणि उजवीकडचा डावीकडे. प्रत्येकी जवळपास ४.९ किलोन्यूटन, पण दिशा विरुद्ध, त्यामुळे एकमेकांना खाऊन टाकतात. उभा भार उचलायला त्यांचा काहीच उपयोग होत नाही. पावसाचं पाणी कौलांच्या दोन उतारांवरून वाहत येतं आणि मधल्या पन्हळीत जमतं, तसा हा प्रवाह दोन पंखांतून येऊन वेबमध्ये उतरतो, खालच्या फ्लँजपाशी पुन्हा दुभंगतो. चॅनल सेक्शनमध्ये पंख एकाच बाजूला असतात, तिथे प्रवाह एकमेकांना खात नाहीत, आणि म्हणूनच चॅनलवर वेबच्या रेषेत भार ठेवला तरी तो पिळवटतो. पण तो वेगळा विषय.

लोखंड कुठे वाढवायचं

शिअर कमी पडतोय असं कुणी सांगितलं की शेडमध्ये पहिला उपाय निघतो तो जास्त रुंद फ्लँजचा. मांडून बघू. दोन्ही फ्लँजची रुंदी १५० वरून ३०० केली, वजन मीटरला २८ किलोंनी वाढवलं. न्यूट्रल ॲक्सिसवरचा स्ट्रेस ४७.३ वरून आला ४५.५ वर. त्याऐवजी वेब ८ वरून १० मिमी केली, वजन मीटरला ४.३ किलोंनी वाढलं, आणि स्ट्रेस उतरला ३८.४ वर.

पहिला आकडा मी दोनदा तपासला होता, इतका तो विचित्र वाटला. पण कारण साधं आहे. फ्लँज वाढवली की I वाढतो तसा Q ही वाढतो, आणि b तर आठचाच राहतो.

वेल्ड

वरच्या १० मिमीच्या तुकड्यावर २९२२ न्यूटन येतात, म्हणजे मिमीमागे २९२ न्यूटन. हा भार फ्लँजमधून वेबमध्ये जातो तो वेल्डमधून. वेबच्या दोन्ही बाजूंना ५ मिमीचा फिलेट वेल्ड असेल तर प्रत्येकाचा घसा, म्हणजे वेल्डची सगळ्यात कमी जाडी, ३.५ मिमी, दोन्ही मिळून ७. स्ट्रेस ४२ एमपीए. सुरक्षेसाठी भाराला दीडचा गुणक लावला की ६३. शॉपमध्ये केलेल्या वेल्डला आयएस ८०० नुसार १८९ पर्यंत चालतं. भरपूर मोकळीक आहे.

ही मोकळीक बघूनच लोक तुटक वेल्ड करतात. ५० मिमी वेल्ड, १०० मिमी मोकळं. आता तोच प्रवाह तिसऱ्या हिश्श्याच्या वेल्डमधून जायचा, म्हणजे ६३ चे होतात १८८. शॉपमध्ये जेमतेम बसतो. तेच वेल्डिंग जागेवर, शिडीवर उभं राहून केलेलं असेल तर मर्यादा १५८ ची, आणि तो नापास. म्हणून माझा नियम असा: टेकूपासून पहिल्या मोठ्या भारापर्यंत वेल्ड सलग. मध्यभागी, जिथे शिअर नाही, तिथे हवा तर तुटक ठेवा. मात्र खानापूरकडच्या पावसात उघड्यावर राहणाऱ्या गर्डरला तिथेही सलगच बरा, कारण वेल्डमधल्या फटीत पाणी शिरलं की गंज आतून वर येतो.

आता मामांचं भोक

१५० मिमीच्या भोकामुळे २७६ पैकी वर ६३ आणि खाली ६३ मिमी वेब उरली. उरलेलं क्षेत्रफळ १००८ चौरस मिमी. सरासरी शिअर स्ट्रेस ९९ एमपीए, दीडच्या गुणकाने १४९. साध्या २५० ग्रेडच्या लोखंडाला शिअरमध्ये १४४ ला यील्ड येतो, म्हणजे ते कायमचं ताणलं जाऊ लागतं, आणि सुरक्षेचा १.१ काढला तर १३१ च्या पुढे जायचं नाही. भोकाआधी हीच वेब डिझाइन भार १५० किलोन्यूटन असताना २९० झेलू शकत होती. एका भोकाने ती नापास झाली.

आणि हे फक्त सरासरीवर. शुद्ध शिअरमधल्या रुंद पत्र्याला गोल भोक पाडलं की भोकाच्या कडेला, ४५ अंशांवर, मूळ शिअरच्या चौपट ताण साठतो. इथे मूळ शिअर ४५ च्या आसपास, म्हणजे १८० च्या वर, आणि भोकाने निम्म्याहून जास्त वेब खाल्लेली असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. शिवाय भोकाच्या वरचा आणि खालचा भाग आता दोन वेगळ्या तोकड्या बीमसारखा वाकू लागतो, भोक थोडं तिरकं चेपतं. वर दिसलेल्या तिरक्या भेगा याच होत्या. लोखंड यील्ड झालं की त्याच्यावरची गिरणीची काळी खपली टिकत नाही, ती तडकून निघते. गॅस कटिंगची कड खडबडीत असेल तर अशा जागी खरी चीरही सुरू होऊ शकते.

हेच भोक दोन पायांच्या मध्ये कुठेही पाडलं असतं तर? तिथे शिअर नाही. उरतो तो वाकण्याचा प्रश्न. भोकामुळे I मधून ८ × १५०³ / १२, म्हणजे २२,५०,००० जातात. एकूणाच्या अडीच टक्के. तिथला बेंडिंग मोमेंट ६० किलोन्यूटन-मीटर, फ्लँजच्या कडेचा स्ट्रेस १०१ वरून १०४ वर गेला असता, एवढंच. भोक तेच, गर्डर तोच, कारखाना तोच, जागा फक्त मीटरभर सरकवायची होती.

मामांना मी हा हिशेब तिथेच खडूने खालच्या फरशीवर मांडून दाखवला. आकड्यांपेक्षा त्यांना वही वाकवण्याची गोष्ट जास्त पटली. म्हणाले, "म्हणजे मधला पत्रा नुसता आधाराला न्हवं, त्योच धरून ठेवतो म्हणा की." याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

तपासायला गेलात तर काय बघायचं

आधी शिअर कुठे मोठा आहे ते ठरवा: टेकू आणि त्याच्या जवळचा पहिला जड भार, यांच्या मधला पट्टा. तिथे वेबला भोक, खाच, किंवा कुणी वेल्ड करून काढून टाकलेल्या ब्रॅकेटचा व्रण आहे का बघा. रंगाच्या तिरक्या भेगा शोधा. ४५ अंशांच्या जवळच्या भेगांकडे तर मुळीच दुर्लक्ष करू नका.

मग खालच्या फ्लँजचा आणि वेबचा कोपरा. तिथे धूळ साचते, धुळीत पाणी साचतं, आणि वेब बरोबर तिथेच पातळ होते. खपली खरवडून काढा आणि अल्ट्रासॉनिक गेजने जाडी घ्या. समजा ८ ची ५ मिमी झालेली आढळली. मिमीमागचा प्रवाह २९२ च राहतो, ५ ने भागला की ५८ एमपीए. लोखंड अजून टिकेल, पण गंज वेल्डच्या पायापर्यंत पोचलाय का ते बघावंच लागेल, कारण घसा फक्त साडेतीन मिमीचा आहे.

पातळ वेब निकामी होण्याची आणखी एक रीत आहे. उंची भागिले जाडी ६७ च्या पुढे गेली की साध्या लोखंडाची वेब यील्ड व्हायच्या आधीच तिरकी फुगू शकते. आपली २७६ भागिले ८, म्हणजे ३४.५, निश्चिंत. पण पैसे वाचवायला ४ मिमीची वेब घातली तर ६९ होतात, आणि मग वरचा सगळा हिशेब अपुरा पडतो. लांब पट्टी वेबला तिरकी टेकवून प्रकाश मारा, फुगवटा असेल तर पट्टीखाली फट दिसते.

टाकीच्या पायाखाली आणि टेकूवर वेबच्या दोन्ही बाजूंना उभे स्टिफनर आहेत का, हेही बघून घ्या. ते शिअरसाठी नसतात. एका जागी टेकलेल्या भाराने वेब चिरडू नये म्हणून असतात, आणि शिअरचा हिशेब कितीही छान आला तरी त्यांची गरज संपत नाही.

त्या गर्डरचं काय केलं

आधी टाकी पूर्ण रिकामी केली. हे टाळता येत नाही. भार असताना वर पट्टी वेल्ड केली तर जुनी वेब आपला भार तसाच धरून बसते, नवी पट्टी नुसती चिकटून राहते. गर्डर खालून जॅकने उचलून धरला. पाइप काढला, भोकाची कड ग्राइंडरने गुळगुळीत केली, चिरा आहेत का ते लाल रंग आणि पांढरी पावडर मारून तपासलं. चीर नव्हती. मग वेबच्या दोन्ही बाजूंना ६ मिमीच्या, ३५० मिमी लांब आणि २५० मिमी उंच पट्ट्या भोकावर ठेवून चारही बाजूंनी सलग ५ मिमीचा वेल्ड केला. भोकाच्या जागी आता दोन पट्ट्या मिळून १२ मिमी जाडी आहे, मूळच्या ८ पेक्षा जास्त. पट्टी पूर्ण २७६ उंच घेतली नाही, कारण वर-खाली वेल्ड करायला आणि जुना वेल्ड डोळ्यांना दिसायला १३ मिमी जागा हवी होती.

नवा पाइप दोन पायांच्या मध्यातून नेला. भोक मामांनीच पाडलं, पण या वेळी गॅसने नाही, ड्रिलच्या कटरने. त्याआधी टेकूपासूनचं अंतर त्यांनी टेपने दोनदा मोजलं.